खरबूज फोटोवरून ओळखताना: आधी देठाची जागा, मग जाळी, रंग शेवटी

खरबुजाचा फोटो समोर आला की नजर आधी रंगावर जाते. पिवळं दिसलं म्हणजे पिकलं, हिरवट दिसलं म्हणजे कच्चं, असा आपला सरळ हिशेब असतो. फळ हातात असेल तर हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. फोटोत मात्र तोच सगळ्यात जास्त फसवतो, कारण फोटोतला रंग फळाचा कमी आणि उजेडाचा जास्त असतो. म्हणून फोटो बघण्याचा क्रम मी उलटा ठेवते. आधी देठाची जागा बघायची, मग जाळी, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. नव्याने शिकणाऱ्यांनी हाच क्रम धरावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण आहे.

खरबुजाच्या गरात पिठूळ साठा नसतो. केळ्यात किंवा आंब्यात तो असतो, म्हणून ती फळं कच्ची काढून अढीत घातली तरी आतल्या आत गोड होतात. खरबुजाची सगळी साखर वेलीच्या पानांतून, देठाच्या वाटेने येते. तीही बरीचशी शेवटच्या आठ-दहा दिवसांत येते. देठ तुटला की साखर यायची बंद होते. तोडलेलं खरबूज घरात ठेवलं तर मऊ पडतं, घमघमतं, पिवळंही होतं, पण तोडताना होतं त्याहून गोड होत नाही. म्हणजे फोटो बघताना विचारायचा खरा प्रश्न ‘हे आज पिकलेलं दिसतंय का?’ हा नसतो. ‘वेलीपासून सुटलं तेव्हा हे पुरतं भरलं होतं का?’ हा असतो. त्याचं उत्तर देठाच्या जागी कोरलेलं असतं आणि तोडल्यानंतर ते बदलत नाही. रंग मात्र रोज बदलतो.

आधी जात बघा

पुढे सांगितलेलं सगळं जाळीच्या, देठ आपोआप सोडणाऱ्या खरबुजांना लागू आहे. गुळगुळीत सालीची हनीड्यूसारखी खरबुजं पूर्ण पिकली तरी देठ सोडत नाहीत, ती कापूनच काढावी लागतात. जाळीच्या जातींतही अलीकडे जास्त दिवस टिकणाऱ्या काही संकरित जाती आल्या आहेत. त्या देठ फार उशिरा सोडतात किंवा सोडतच नाहीत, आणि त्या रंगावरून काढल्या जातात. तेव्हा फोटो पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न जातीचा करा. बियाण्याचं पाकीट असेल तर त्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. जात माहीत नसेल तर त्याच वेलीवरचं आधीचं फळ कसं निघालं ते विचारा. स्वतःहून सुटलं होतं की कापावं लागलं होतं, एवढं कळलं तरी पुरतं.

फोटो कसे मागवायचे

एका फोटोवरून मत देऊ नका. मी चार मागते: देठाकडचा भाग अगदी जवळून, फळाची बाजू, देठासमोरचं फुलाकडचं टोक, आणि जमिनीला टेकलेली बाजू. देठाचा फोटो साधारण वीतभर अंतरावरून घ्यायचा आणि स्क्रीनवर देठाच्या जागेवर बोट ठेवून फोकस तिथेच बसवायचा. नाहीतर कॅमेरा पुढच्या जाळीवर फोकस करतो आणि नेमका आपल्याला हवा तो भाग धूसर येतो.

उजेड खिडकीतला किंवा सावलीतला असावा आणि तो एका बाजूने पडावा. जाळी ही उठावाची गोष्ट आहे. बाजूने उजेड आला की तिच्या प्रत्येक दोरीची बारीक सावली पडते आणि जाळी किती वर आली आहे ते कळतं. फ्लॅशचा उजेड समोरून आदळतो, त्या सावल्या पुसून टाकतो आणि चांगली भरलेली जाळीही साबणाने काढलेल्या नक्षीसारखी सपाट दिसते. फळाशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवायला सांगा. रंगाचा निवाडा पुढे त्या कागदावरच होणार आहे. चेहरा तुकतुकीत करणारे फिल्टर बंद असू द्या, कारण ते जाळीलाही सुरकुती समजून गुळगुळीत करतात.

देठाची जागा

या पायरीवर वेळ घालवा. बाकी सगळं जुळलं आणि हे जुळलं नाही, तर मी देठाचंच ऐकते.

फळ भरत आलं की देठ आणि फळ जिथे जोडलेले असतात तिथे वेल स्वतःच एक फारकतीचा थर तयार करते. त्या थरातल्या पेशी एकमेकींना सोडू लागतात. बाहेरून याची पहिली खूण म्हणजे देठाच्या बुडाशी केसाएवढी बारीक भेग. ती आधी एका बाजूला दिसते, मग सरकत सरकत देठाभोवती कंकणासारखी पूर्ण होते. कंकण पूर्ण झालं की अंगठ्याने देठाला हलकं रेटलं तरी फळ सुटतं.

फळ वेलीवर असतानाचा फोटो असेल तर फक्त ही भेग शोधा. देठ आणि साल यांचा हिरवा रंग एकमेकांत सलग मिसळलेला असेल, मधे कुठे रेघ नसेल, तर फळाला अजून दिवस आहेत. रेघ अर्ध्या घेरापर्यंत आली असेल तर फळ पाडाला आलं समजा. पूर्ण घेर झाला असेल तर त्याच दिवशी काढा.

फळ काढलेलं असेल तर मागे राहिलेली खूण वाचायची. नीट सुटलेल्या फळाच्या टोकाला उथळ वाटीसारखा खळगा असतो. त्याचा तळ गुळगुळीत, कडा गोल आणि अखंड, रंग फिकट तपकिरी किंवा करडा. कुठे तंतू लोंबत नाहीत, सालीचा तुकडा उचकटलेला नसतो. फोटो मोठा करून त्या वाटीच्या कडेने नजर फिरवा, घड्याळाचा काटा फिरतो तशी. पाऊण घेर गुळगुळीत आणि उरलेल्या पाव भागात थोडे फाटके धागे दिसले, तर फळ जरा आधी काढलंय. लांब पाठवायची फळं अशीच काढतात आणि ती बहुधा चांगलीच निघतात. अर्धा घेर किंवा त्याहून जास्त फाटलेला असेल, ओलसर हिरवे तंतू दिसत असतील, खळग्याऐवजी खरवडल्यासारखी जागा असेल, तर ते ओढून काढलेलं फळ आहे. ते घरात ठेवून मऊ होईल, पण गोडीची आशा धरू नका.

तिसरी शक्यता अशी की देठ अजून फळालाच आहे आणि त्याच्या टोकाला कात्रीने कापल्याची सरळ धार दिसते. नवशिके इथे गडबडतात. देठ आहे म्हणजे कच्चं, असं लगेच धरू नका. जपानमध्ये जाळीची महागडी खरबुजं वेलीचा इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा मुद्दाम ठेवून विकतात, आणि ती चांगली पिकलेली असतात. कापलेल्या देठाच्या फोटोत देठ साक्ष देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग देठाच्या बुडाशी कंकणाची रेघ उमटली आहे का तेवढं बघा, आणि ती नसेल तर जाळी व रंगावर जा.

देठाजवळ दिसणारी प्रत्येक भेग मात्र कंकणाची नसते. जोरदार पाणी दिल्यावर किंवा पाऊस झाल्यावर फळ आतून एकदम फुगतं आणि सालीला तडे जातात. हे तडे देठापासून निघून बाहेरच्या बाजूला, चाकाच्या आऱ्यांसारखे पसरतात किंवा देठापासून थोडं लांब कमानीसारखे पडतात. कंकण मात्र देठाला चिकटून, अगदी त्याच्या बुडाशी गोल फिरतं. फोटोत दोन्ही दिसत असतील तर फळ ठेवू नका, तड्यातून बुरशी लवकर शिरते. काढलेल्या फळाच्या खळग्यात पांढरा किंवा काळसर लव दिसला, किंवा खळग्याभोवतीची साल ओलसर गडद दिसली, तर वेळ निघून गेली आहे.

जाळी

जाळी म्हणजे सालीवरचं चित्र नव्हे. त्या भरून आलेल्या जखमा आहेत. फळ धरल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी आतला गर सालीपेक्षा वेगाने वाढू लागतो, सालीला बारीक बारीक भेगा पडतात, आणि त्या बुजवायला फळ बुचासारखा थर तयार करतं. पहिल्यांदा ही जाळी चपटी आणि हिरवट असते, जणू सालीत रुतलेली. फळ भरत जातं तशी ती वर येते, गोल होते, कोरडी होते आणि सुतळीसारख्या फिक्या रंगाची दिसू लागते.

फोटोत दोन गोष्टी बघा. एक, दोऱ्यांना सावली पडते आहे का. बाजूच्या उजेडात पडत असेल तर जाळी उठली आहे. दोन, दोऱ्यांचा रंग मधल्या सालीपासून वेगळा दिसतो का. कच्च्या फळात दोन्ही हिरवट असल्याने जाळी सालीत हरवते, भरलेल्या फळात दोरी फिकट आणि खरखरीत अशी स्वतंत्र उभी राहते.

जाळी किती दाट आहे यावरून मात्र मत बनवू नका. दाटी ही मुख्यतः जातीची गोष्ट असते. काही जातींत जाळी सगळीकडे एकसारखी विणलेली असते, काहींत फाकांच्या खोबणी मोकळ्या राहतात. जमिनीला टेकलेल्या जागीही जाळी विरळ आणि चपटी असते. कुणी नेमकी तीच बाजू वर करून फोटो काढला तर उत्तम फळही नापास होईल. म्हणून बाजूचा फोटो वेगळा मागायचा.

जाळी आणखी एक गोष्ट सांगते, जी देठ सांगत नाही. वेल निरोगी होती का? जाळी उठायला फळ जोमाने वाढावं लागतं. भुरी रोगाने पानं गेली, मूळ सडलं किंवा वेल अचानक सुकली, तर फळ वेळेआधी देठ सोडू शकतं. खळगा अगदी गुळगुळीत पडतो, पण पानंच नसल्याने साखर आलेलीच नसते. अशा फळाची जाळी बहुधा अर्धवट, चपटी राहिलेली असते.

रंग

आता रंग. आधी फोटोतल्या कागदाकडे बघा. कागद पांढरा दिसत असेल तर रंगावर विश्वास ठेवा. कागद पिवळसर असेल तर फळाचा पिवळेपणाही दिव्याचा आहे, निळसर असेल तर पिकलेलं फळही हिरवट करडं दिसेल. फोनमधल्या एडिटमध्ये जाऊन उबदारपणाची पट्टी कागद पांढरा होईपर्यंत सरकवा आणि मग फळ बघा. कागद नसलेला फोटो आला तर मी रंगावर मत देत नाही, दुसरा फोटो मागते.

रंग जाळीचा बघायचा नाही, जाळीच्या घरांमधल्या सालीचा बघायचा. फोटो एवढा मोठा करा की एकेक घर नखाएवढं दिसेल. कच्च्या फळात ती घरं गडद किंवा करडी हिरवी असतात. फळ भरत आलं की हिरवेपणा विटतो, मग गवताच्या वाळल्या काडीसारखी किंवा गव्हाळ पिवळी झाक येते. फाकांच्या खोबणी काही जातींत शेवटपर्यंत हिरव्या राहतात, त्यांचा विचार करू नका. गालियासारख्या जातीत साल सोनेरी पिवळी होते, पण आतला गर हिरवटच असतो. म्हणजे सालीच्या रंगावरून गराचा रंग सांगायला जाऊ नका.

जमिनीला टेकलेला डाग हा चांगला पडताळा आहे, कारण तिथे ऊन लागत नाही. तो पांढरट हिरवा असेल तर थांबा, सायीसारखा किंवा लोणकढ्या तुपासारखा पिवळा असेल तर फळ भरलं आहे. उलट वरच्या बाजूला एकाच ठिकाणी पिवळा किंवा पांढुरका, कडा ठळक असलेला चट्टा दिसला तर तो बहुधा उन्हाने भाजलेला असतो. फळ भारी नारिंगी पिवळं झालं असेल आणि फुलाकडचं टोक ओलसर, बसकं दिसत असेल, तर ते उतरलेलं फळ आहे.

एका वेलीची दोन फळं

ओळखीच्या एका दादांनी अंगणात वेल लावली होती. फुलांना हाताने परागण करून त्यांनी प्रत्येक फळाला तारखेची चिठ्ठी बांधली होती, त्यामुळे दिवस नेमके माहीत होते. अशा जातींना फळ धरल्यापासून पिकेपर्यंत साधारण ३५ ते ४५ दिवस लागतात.

३४व्या दिवशी रात्री त्यांनी पहिल्या फळाचा फोटो पाठवला. फळ सोन्यासारखं दिसत होतं. “काढू का, ताई?” असं विचारलं. मागची भिंतही तितकीच पिवळी दिसत होती, म्हणून मी सकाळचे फोटो मागितले, कागद ठेवून. सकाळच्या फोटोत घरं करडी हिरवी निघाली. देठ आणि साल सलग होती, रेघ नव्हती. जाळी उठलेली होती, पण तिचा रंग अजून हिरवट होता. मी थांबायला सांगितलं.

३८व्या दिवशी देठाच्या बुडाशी एका बाजूने रेघ दिसली, घेराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. घरांमधला हिरवा विटला होता, खालचा डाग सायीच्या रंगाचा झाला होता. पाणी थोडं कमी करायला आणि रोज सकाळी फक्त देठाचा फोटो पाठवायला सांगितलं. ४०व्या दिवशी कंकण पूर्ण झालं, देठ एका अंगाला किंचित कलला होता. दादांनी अंगठा लावला आणि फळ हातात आलं. खळग्याच्या फोटोत एकही तंतू नव्हता. कापल्यावर त्यांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाची गोडी मोजायच्या उपकरणावर, ब्रिक्स १२ आली; ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप. ९च्या खाली फळ फिकं लागतं, ११च्या वर गेलं की चांगलं गोड, असा ढोबळ अंदाज धरता येतो.

दुसऱ्या फळाच्या वेळी मी चुकले. ते ३६व्या दिवशी स्वतःहून सुटलं. खळग्याचा फोटो बघण्यासारखा होता, गुळगुळीत आणि गोल. मी तेवढ्यावर छान आहे म्हणून कळवलं. कापलं तर ब्रिक्स ७, गर मऊ पण पाणचट. मग मी बाजूचा फोटो उघडला, जो आधी आलेला होता आणि मी नीट बघितलाच नव्हता. जाळी अर्ध्या फळावर चपटी होती, दोऱ्यांना सावली नव्हती. विचारल्यावर कळलं की त्या फांदीची पानं आठवड्याभरापूर्वीच भुरीने वाळून गेली होती. तेव्हापासून खळगा कितीही सुंदर दिसला तरी बाजूचा फोटो बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही, आणि पानांचाही एक फोटो मागते.

तिन्ही खुणा जुळत नसतील तर

देठ सुटलेला आणि जाळी उठलेली, पण रंग हिरवट असेल, तर आधी उजेडावर आणि मग जातीवर संशय घ्या. फळ बहुधा चांगलं असतं. रंग पिवळा, जाळी बरी, पण देठाची जागा फाटकी असेल, तर ते लवकर काढून ठेवल्याने पिवळं पडलेलं असतं. हे फळ दिसायला सगळ्यात आकर्षक असतं आणि सगळ्यात जास्त निराश करतं. देठ चांगला पण जाळी चपटी असेल तर वेल आजारी असावी, ते वर आलंच.

तिन्ही खुणा जुळल्या तरी फोटोत वास येत नाही आणि वजन कळत नाही. फुलाकडच्या टोकाला नाक लावून येणारा गोड वास आणि आकाराच्या मानाने हाताला जाणवणारा भार या दोन गोष्टी फोटो पाठवणाऱ्यानेच तपासून सांगाव्या लागतात. शेवटच्या आठवड्यात फार पाणी दिलं गेलं असेल तर बाहेरून सगळं ठीक असूनही गोडी कमी निघते, आणि तेही सालीवर लिहिलेलं नसतं.

नजर तयार व्हायला एक सवय लावून घ्या. प्रत्येक फळाचे चार फोटो घ्या आणि कापल्यावर पाचवा, आडव्या कापाचा. त्यात सालीखालचा हिरवा पट्टा किती जाड आहे ते बघा. कच्च्या फळात तो रुंद असतो आणि गराचा रंग कडेपर्यंत पोहोचलेला नसतो. चांगल्या भरलेल्या नारिंगी गराच्या फळात तो पातळ काठाएवढाच उरतो. हे पाच फोटो एकाच फोल्डरमध्ये, चव कशी होती ते एका ओळीत लिहून ठेवा. दहा-बारा फळं झाली की नवीन फोटो आल्यावर तो फोल्डर उघडायचा आणि आधी देठाचे फोटो शेजारी शेजारी लावून बघायचे.